सभागृहातील ध्वनियंत्रणा : स्वयंसेवकांसाठी देखभालीची यादी

कार्यक्रमाआधी
- आधी मिक्सर चालू करा, ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. क्रम चुकला तर मिक्सरचा ‘धप्प’ आवाज थेट स्पीकरवर जातो आणि त्याने स्पीकर खराब होऊ शकतो.
- प्रत्येक माइकवर बोलून पाहा. बोलताना वायर दोन्ही टोकांच्या पिनजवळ हलकेच हलवा. वायरी बहुधा तिथेच तुटतात.

खरखर आली तर
एका वेळी एकच वस्तू बदला. समजा, दोन नंबरचा माइक खरखरतो. त्याची वायर काढून एक नंबरच्या चांगल्या माइकला लावा, मिक्सरचे चॅनेल मात्र तेच ठेवा. खरखर थांबली, तर दोष माइकमध्ये आहे. थांबली नाही, तर वायर बदला. तरीही आवाज येतच राहिला, तर चॅनेल बिघडले आहे, दुसरे वापरा. वायर किंवा माइक काढण्यापूर्वी चॅनेलचा आवाज शून्यावर आणा.

कार्यक्रमानंतर
- वायर कोपराभोवती गुंडाळू नका. पीळ पडून आतल्या तारा तुटतात. तिच्या मूळ वळणाने सैल वेटोळी करा.
- कॉर्डलेस माइकमधले सेल काढून ठेवा. ते गळले की आतले संपर्क गंजतात.
- खराब वायरीला लाल चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा आणि दोष वहीत लिहा.

ॲम्प्लिफायर आणि विजेचा बोर्ड स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ॲम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक वीज साठलेली असू शकते. हे काम तंत्रज्ञाचे आहे.