दोन तासांची कूस, चार तासांची लघवी

समजा, आंबे काढताना रत्नागिरीकडचा एक तरुण झाडावरून पडला. मज्जारज्जूला छातीच्या खालच्या भागात इजा झाली. हात शाबूत आहेत, पण कमरेखाली ना हालचाल, ना संवेदना. ऑपरेशन होऊन तो घरी येतो, तेव्हा घरातल्यांचं सगळं लक्ष पायांकडे असतं. खरा धोका असतो पाठीखाली आणि मूत्राशयात.

१९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गटमन यांनी अशा जखमी सैनिकांची जबाबदारी घेतली. त्या काळी हे रुग्ण बहुधा चिघळलेल्या जखमांनी किंवा लघवीच्या संसर्गाने दगावत. गटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावली. घरी पलंगावर तोच नियम आजही धरावा लागतो.

निरोगी माणूस बसल्या जागी नकळत चुळबुळ करतो. या तरुणाला खालची कळच जाणवत नाही. हाड आणि गादीच्या मध्ये दबलेल्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि ती आतून मरू लागते. म्हणून खुर्चीत दर अर्ध्या तासाने त्याने दोनेक मिनिटं पुढे किंवा बाजूला झुकून वजन उचलावं. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, बैठक आणि टाचा आरशात पाहाव्यात. लाल डागावर बोट दाबलं की तो फिका पडायला हवा. फिका पडत नसेल, किंवा वजन काढूनही अर्ध्या तासात लाली जात नसेल, तर जखम सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा ओळखावा. डाग चोळू नये आणि त्याखाली हवेची रिंगही ठेवू नये. रिंगच्या कडेने उलट भोवतालचा रक्तपुरवठा तुटतो. त्या जागेवर वजन येऊ न देणं, हाच उपाय.

मूत्राशय भरल्याचंही कळत नाही. त्यामुळे हात साबणाने धुऊन, नळीला जेली लावून, दर चार ते सहा तासांनी तो स्वतः लघवी काढतो. एका वेळी पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त साठू नये. पहिले काही दिवस वहीत वेळ आणि माप लिहावं. सकाळी सहाला चारशे, दहाला तीनशे आणि दुपारी दोनला साडेसहाशे आली, तर गोंधळ नळीत नाही. मधल्या वेळेत प्यायलेल्या ताकात आणि पाण्यात आहे. पाणी तोडू नये, दिवसभरात थोडं थोडं वाटून घ्यावं आणि तिसरी वेळ अलीकडे आणावी. लघवी गढूळ झाली, ताप आला किंवा पाय अचानक जास्त आखडू लागले, तर डॉक्टरांकडे जावं.

बहुतेक घरांत हे सगळं बायकोवर किंवा आईवर पडतं. ज्याचे हात चालतात, त्याची नळी त्यानेच घालावी आणि आरसाही त्यानेच धरावा. रात्रीची कूस भाऊ आणि वडिलांनी वाटून घ्यावी. रोज रात्री दोनदा-तीनदा उठणारी एकटी बाई काही आठवड्यांतच थकते आणि मग कूस चुकते. टाचा आणि पाठ आठवड्यातून एकदा तरी घरातल्या दुसऱ्या कुणी पाहाव्यात. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला हळूहळू बदलणारा रंग चटकन खटकत नाही.