गांजा, उलट्या आणि गरम पाणी

2004 साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडजवळच्या काही रुग्णांची हकीगत छापून आली. वर्षानुवर्षं गांजा ओढणारी ही माणसं. अधूनमधून त्यांना उलट्यांचा असा झटका यायचा की पाण्याचा घोटही पोटात ठरत नसे. पुढे काही काळ ती अगदी ठीक असत आणि मग पुन्हा तेच सुरू होई. डॉ. जे. एच. अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यात एक विचित्र गोष्ट दिसली. तपशील मांडलेल्या दहा रुग्णांपैकी नऊ जण झटका आला की पुन्हा पुन्हा कढत पाण्याने अंघोळ करत होते. पाणी अंगावर असेपर्यंत मळमळ दबायची, बाहेर आलं की परतायची. हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं, ज्याचं त्याने शोधून काढलं होतं.

या आजाराला आता ‘कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम’ म्हणतात. डॉक्टर त्यावर सहजासहजी विश्वास का ठेवत नव्हते, हे समजण्यासारखं आहे. गांजातला मुख्य घटक टीएचसी मळमळ थांबवतो, हे सर्वज्ञात होतं. कर्करोगाच्या केमोथेरपीने होणाऱ्या उलट्यांवर त्याच्या कृत्रिम रूपाला अमेरिकेत 1985 सालीच औषध म्हणून मान्यता मिळाली होती. मग त्याच पदार्थाने उलट्या कशा होतील?

उत्तर बहुधा मात्रेत आणि काळात आहे. टीएचसी शरीरातल्या सीबी-1 नावाच्या ग्राहींवर काम करतो. मेंदूतल्या ग्राहींवर त्याचा परिणाम झाला की मळमळ शमते. पण हेच ग्राही जठर आणि आतड्यांतही असतात आणि तिथे त्यांच्यामुळे जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो. रोज, भरपूर आणि अनेक वर्षं गांजा घेतला की मेंदूतल्या ग्राहींची संख्या घटते. मळमळ आवरणारा हात सैल पडतो आणि पोटावरचा ताण मात्र राहतो, असं सध्याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. शिवाय टीएचसी चरबीत साठून राहतो, त्यामुळे आज गांजा बंद केला तरी शरीरातून तो निघून जायला काही आठवडे लागतात. तितकाच गांजा ओढणाऱ्या सगळ्यांना हा त्रास का होत नाही, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

गरम पाण्याचं कोडं उलगडतं ते मिरचीकडे पाहिल्यावर. त्वचेतल्या आणि पचनमार्गातल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राही असतो. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता त्याला जागं करते आणि मिरचीतलं कॅप्सेसिनही त्यालाच जागं करतं. म्हणून तिखट खाल्ल्यावर तोंड पोळल्यासारखं वाटतं. दीर्घकाळच्या गांजाने या ग्राहीचं कामकाज बिघडतं आणि त्वचेवर जोराची उष्णता लागली की ते तात्पुरतं सावरून उलटीचा आवेग कमी होतो, असा अंदाज आहे. याच तर्कावर आज अनेक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात कॅप्सेसिनचं मलम पोटावर लावतात. बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो. उलट नेहमीचं उलटीचं औषध ऑन्डान्सेट्रॉन इथे सहसा कमी पडतं, आणि पोटदुखीसाठी दिलेली अफूवर्गीय औषधं आतडी आणखी सुस्त करतात.

गरम पाण्याने उतार पडतो म्हणजे गांजाच कारण, असंही लगेच म्हणता येत नाही. गांजाला कधी हात न लावलेले, चक्रीय उलट्यांचा आजार असलेले रुग्णही गरम पाण्याचा आसरा घेतात. शिवाय आंत्रपुच्छ, स्वादुपिंड, गर्भधारणा या शक्यता आधी तपासाव्याच लागतात. निदान पक्कं होतं ते गांजा पूर्ण थांबवून, आणि तेही काही महिने वाट पाहून. अ‍ॅडलेडच्या त्या दहांपैकी ज्या सात जणांनी गांजा सोडला, त्यांच्या उलट्या थांबल्या. थांबल्यानंतर तिघांनी तो पुन्हा घेऊन पाहिला आणि तिघांचाही आजार परतला.

घातक ठरतं ते रुग्णाचं स्वतःचं गणित. गांजाने मळमळ जाते, हे त्याने अनुभवलेलं असतं. म्हणून सकाळची मळमळ सुरू झाली की तो आणखी ओढतो. मग दिवसभर उलट्या, त्यात तासन्‌तास कढत पाण्याखाली उभं राहून घाम आणि कधी कधी भाजल्याच्या जखमा. शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम घटत जातं. लघवी कमी झाली, चक्कर येऊ लागली, छातीत धडधडू लागलं, तर घरी थांबू नये. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि या आजाराने मृत्यूही झालेले आहेत. तिथे सलाइन हाच पहिला उपाय.

आपल्याकडे गांजा बाळगणं गुन्हा असल्याने रुग्ण तो लपवतो, आई-वडील शेजारी उभे असतील तर अधिकच. एंडोस्कोपी होते, सोनोग्राफी होते, सगळं ठीक निघतं, आणि ‘ॲसिडिटी’च्या गोळ्या घेऊन तो घरी जातो. अशा तरुण रुग्णाला नातेवाइकांना बाहेर थांबवून दोनच प्रश्न विचारावेत : उलट्या सुरू असताना गरम पाण्याने बरं वाटतं का, आणि गांजा किती वर्षांपासून घेतोस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना त्याला लपवण्यासारखं काहीच वाटत नाही, म्हणून तोच आधी विचारावा.