सेटपॉइंट बदलला की व्हॉल्व्ह का उसळतो?

वाफेवर तापणारी एक टाकी घ्या. द्रव 60 अंशांवर स्थिर आहे, वाफेचा व्हॉल्व्ह 30 टक्के उघडा आहे. ऑपरेटर पॅनलवर 65 टाकतो. त्याच क्षणी व्हॉल्व्ह सताड उघडतो, वाफेचा फुत्कार ऐकू येतो आणि सेकंदाभरात दांडी पुन्हा खाली येते. तापमानाचा काटा अजून हललेलाही नसतो.

हा झटका म्हणजे ‘डेरिव्हेटिव्ह किक’. पीआयडी नियंत्रकातला ‘डी’ चूक किती वेगाने बदलते आहे ते बघतो. तापमान भरभर चढू लागलं की आधीच हात आखडता घ्यायचा, हे त्याचं काम. पण चूक म्हणजे सेटपॉइंट वजा तापमान. तापमान सावकाश बदलतं. सेटपॉइंट मात्र बोटाच्या एका दाबासरशी 5 अंशांची उडी मारतो. बिचाऱ्या ‘डी’ला हा फरक कळत नाही.

हिशेब करून पाहू. गेन अंशामागे 2 टक्के, डेरिव्हेटिव्हचा काळ 20 सेकंद आणि नियंत्रक दर सेकंदाला गणित करतो. मग ‘डी’ची मागणी 2 × 20 × 5, म्हणजे 200 टक्के! पुढच्या सेकंदाला सेटपॉइंट स्थिर, म्हणून ती शून्यावर. गणित अर्ध्या सेकंदाला केलं तर झटका 400 टक्क्यांचा होतो. नियंत्रक जितका चपळ, तितका झटका उंच.

अनेकजण इथे फिल्टर लावतात. 4 सेकंदांचा फिल्टर लावला की 200 ऐवजी 40, मग 32, मग सुमारे 26 अशी उतरती भाजणी मिळते. व्हॉल्व्हची आदळआपट थांबते. पण हे सगळे आकडे शेवटपर्यंत जोडत गेलं तर बेरीज पुन्हा 200च येते. म्हणजे धक्का गेला नाही, फक्त पसरला. फिल्टर हवाच, पण तो मुख्यतः सेन्सरच्या थरथरीसाठी.

मुळावरचा इलाज म्हणजे सेटपॉइंटला वजन देणं. ‘डी’साठी ते वजन शून्य ठेवायचं, म्हणजे तो फक्त तापमानाकडे पाहील:

```
D = -Kp * Td * (T - T_prev) / dt
```

उणे चिन्ह विसरलं तर ब्रेकचा अ‍ॅक्सिलरेटर होतो, एवढं जपावं. आता 65 टाकल्यावर फक्त ‘पी’चे 10 टक्के वाढतात आणि व्हॉल्व्ह 40वर जातो. ‘पी’चंही वजन अर्धं केलं तर 35वर. ‘आय’ला मात्र पूर्ण चूकच द्यावी लागते, नाहीतर तापमान 65वर टेकणारच नाही.

बाहेरून थंड द्रव आला तर प्रतिसाद पूर्वीइतकाच तत्पर राहतो, कारण तेव्हा तापमानच बदलत असतं. सेटपॉइंट सतत सरकत असेल आणि त्याचा बारकाईने पाठलाग करायचा असेल, तिथे मात्र शून्य वजनाने लूप मागे पडतो.

आपल्या लूपमध्ये किक आहे का, हे ट्रेंडच्या आलेखावर दिसतं: सेटपॉइंटच्या पायरीच्या नेमक्या वर, आउटपुटवर सुईसारखा एक उभा काटा.