फोटोत बिल्डिंग मागे का झुकते? आणि Perspective टूलने ती सरळ कशी करायची

मागच्या महिन्यात आमच्या फ्लॅटमधला एक रूममेट दुसऱ्या शहरात गेला. त्याच्या जागी नवीन कोणीतरी हवा, नाहीतर त्याचं भाडं आमच्या दोघांच्या डोक्यावर. जाहिरातीसाठी मी पटापट फोटो काढले: खाली उभं राहून बिल्डिंगचा एक आणि खोलीचे दोन. फोटो पाहून मित्र म्हणाला, "अरे, ही बिल्डिंग पडायला आलीये का?" आणि खरंच, चार मजली सरळसोट बिल्डिंग वर निमुळती होत मागे कलंडल्यासारखी दिसत होती. खोलीच्या भिंती तर खाली एकमेकींकडे सरकत होत्या.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, एवढीच गोष्ट आहे. फोन अगदी उभा, म्हणजे भिंतीला समांतर धरला, तर त्याच्या हिशेबात भिंतीचा पाया आणि छप्पर सारख्याच अंतरावर असतात. मग उभ्या रेषा उभ्याच राहतात. फोन वर तिरपा केला की तो ज्या दिशेने बघतोय त्या दिशेत छप्पर लांब जातं आणि पाया जवळ राहतो. म्हणून वरचा भाग आक्रसतो.

आमचंच उदाहरण घ्या. बिल्डिंग साधारण १३ मीटर उंच, मी १२ मीटरवर उभा, फोन जमिनीपासून दीड मीटरवर. छप्पर फ्रेममध्ये यावं म्हणून फोन १५ अंश मागे झुकवला. गणित केलं तर छपराशी बिल्डिंगची रुंदी पायथ्याच्या ७७ टक्केच उरते. फक्त १५ अंशांत जवळजवळ पाव भाग गायब!

आता दुरुस्ती. सरळ Perspective उघडायच्या आधी फोटोच्या डाव्या आणि उजव्या कडेच्या उभ्या रेषा बघा. दोन्ही एकाच बाजूला कलल्या असतील तर फोन कडेवर वाकडा झाला होता, त्याला साधं Rotate पुरतं. दोन्ही एकमेकींकडे झुकल्या असतील तर फोन पुढे-मागे तिरपा होता, तिथे Perspective लागतं. एक रेषा सरळ आणि दुसरी तिरकी असेल, तर बहुतेक दोन्ही चुका एकत्र झाल्यात. अशा वेळी आधी फिरवून दोन्हींचा कल सारखा करा, मगच पुढे जा. हा क्रम उलटा केला की एक रेषा जुळवताना दुसरी बिघडते आणि दहा मिनिटं नुसती बोटं फिरवण्यात जातात. मी ती घालवली आहेत.

Snapseed मध्ये Tools मधून Perspective निवडा, त्यात Tilt ठेवा आणि बोट उभं सरकवा. आयफोनच्या Photos मध्ये Edit करून क्रॉपमध्ये गेलात की VERTICAL असा स्लायडर मिळतो. कुठल्या दिशेला सरकवायचं हे पाठ करू नका. थोडं हलवा, रेषा आणखी बिघडल्या तर उलटं न्या. सरकवताना जी जाळी दिसते तिच्या उभ्या रेषेशी बिल्डिंगची कडा जुळवून बघा. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, कारण फोटो आधी जितका वाकडा होता त्याच्या मानाने थोडा सुधारला तरी तो सरळच वाटायला लागतो.

इथे टूल नेमकं काय करतंय? वरचा भाग रुंद करतंय. माझ्या फोटोत पायथ्याची रुंदी २००० पिक्सेल होती, छपराची सुमारे १५४०. ते १५४० पिक्सेल ताणून २००० करायचे, म्हणजे साधारण ३० टक्के वाढ. नवीन तपशील कुठून येणार? त्यामुळे झूम केल्यावर वरचे मजले खालच्यांपेक्षा मऊ दिसतात. शिवाय ताणलेला फोटो आता चौकोनी राहत नाही, कोपरे रिकामे पडतात. Snapseed मध्ये ते Smart ने आपोआप भरता येतात, पण ते आजूबाजूचाच भाग उचलून चिकटवतं. आकाश असेल तर कळतही नाही. माझ्या फोटोत मात्र कोपऱ्यात एका स्कूटरला दीड चाक फुटलं. म्हणून मी Black निवडतो, म्हणजे काय रिकामं आहे ते दिसतं, आणि नंतर क्रॉप करतो.

रेषा जुळल्या म्हणजे काम झालं असं नाही. तळमजल्याची खिडकी आणि चौथ्या मजल्याची खिडकी शेजारी ठेवून बघितल्यासारखी तुलना करा. दोन्ही खिडक्या प्रत्यक्षात सारख्या असतील तर फोटोतही रुंदी आणि उंचीचं प्रमाण सारखंच हवं. वरची खिडकी बसकी, पसरट दिसत असेल तर भाग रुंद झालाय पण तितका उंच झालेला नाही. मग त्याच टूलमधल्या Scale ने उंची किंचित वाढवा. आणि एक माझं मत: खालून काढलेल्या उंच इमारतीचा कल पूर्ण शंभर टक्के काढू नका. मान वर करून बघताना आपल्याला थोडं निमुळतेपण अपेक्षितच असतं. ते अजिबात नसेल तर इमारत वरून जड, पुढे आल्यासारखी वाटते. मी थोडासा कल ठेवून देतो.

पण याहून चांगला उपाय फोटो काढतानाच आहे. त्याच १२ मीटरवरून मी 0.5x लेन्स लावली आणि फोन ताठ उभा धरला. साध्या लेन्सने फोन उभा ठेवला तर साडेनऊ मीटरपर्यंतच दिसत होतं, इथे साडेसतरा मीटरपर्यंत दिसलं. छप्पर आलं, रेषा सरळ आल्या. खालचा अर्धा फोटो रस्ता आणि खड्डे होता, तो कापून टाकला. बिल्डिंगला उंचीत ४००० पैकी सुमारे १६०० पिक्सेल मिळाले, जाहिरातीला भरपूर झाले. मोठ्या कॅमेऱ्यांसाठी हीच युक्ती लेन्समध्येच बसवलेली असते. निकॉनने १९६० च्या दशकात अशी सरकणारी लेन्स काढली आणि तिच्या नावातलं पीसी म्हणजे पर्स्पेक्टिव्ह कंट्रोल.

अडचण एकच. 0.5x मध्ये कडेच्या रेषा कधीकधी धनुष्यासारख्या वाकतात. Perspective टूल सरळ रेषेची दिशा बदलतं, वाकलेली रेषा सरळ करू शकत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लेन्स करेक्शन चालू ठेवा आणि बिल्डिंग फ्रेमच्या मधोमध घ्या.

खोलीचं गणित तेच, फक्त उलटं. पलंग आणि फरशी दिसावी म्हणून आपण फोन खाली झुकवतो, मग भिंती खाली जवळ येतात. फोन छातीच्या उंचीवर, ताठ धरा आणि ग्रिडची उभी रेषा दाराच्या चौकटीशी जुळवा. कॅमेऱ्यातली लेव्हलची आडवी रेघ फोन कडेवर वाकडा झालाय का तेच सांगते, पुढे-मागे झुकलाय का ते नाही. कोपऱ्यातून फोटो काढला असेल तर फरशीच्या आडव्या रेषा तिरक्या जाणारच. त्यांना हात लावू नका, खोलीची खोली त्यांच्यामुळेच कळते.

मी खोलीचाही फोटो 0.5x ने पुन्हा काढला, भिंती सरळ केल्या आणि टाकला. दुसऱ्याच दिवशी एक मुलगा बघायला आला. दारात उभा राहून म्हणाला, "दादा, फोटोत मोठी वाटली होती." फोटो नीट बघितला तर कडेला लावलेलं गोल घड्याळ अंड्यासारखं लांबट झालं होतं आणि पलंग डबलबेडसारखा पसरला होता. मी तो फोटो काढून टाकला, दाराबाहेर पॅसेजमध्ये मागे सरकून 1x ने नवीन काढला आणि जाहिरातीत लिहिलं: खोली १० बाय ११ फूट.