पत्रकातून काय काढायचं?

दहावीचा निकाल लागला की सकाळच्या वर्तमानपत्रातून क्लासचं पॅम्प्लेट घरात पडतं. बहुतेक वेळा ते ए-५ आकाराचं, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटरचं असतं. एवढ्या जागेत २४ गुणवंतांचे फोटो, संचालकांचा फोटो, इमारतीचा फोटो, आठवी ते दहावीच्या फीचा तक्ता आणि चार फोन नंबर कोंबले, असं समजू. छपाईआधी त्यातलं काय काढायचं?

सुरुवात फोटोंपासून करावी. एका ओळीत सहा फोटो बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदी येते. त्याखाली नाव आणि टक्के सहा पॉइंटात घालावे लागतात. देवनागरीत या मापाला मात्रा आणि अनुस्वार स्वस्त कागदावर शाईत बुजतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटोही छापून धूसर निघतो. त्यामुळे तीन-चारच फोटो ठेवावेत, पण मोठे.

कोणते ठेवायचे, हे ठरवायला कायद्याचीही मदत होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासेससाठी जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता, किती काळाचा कोर्स केला होता हेही सांगायला हवं. केवळ सराव परीक्षेला बसलेला मुलगा ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून झळकला, तर पालकांची फसवणूक होते. ही कसोटी लावली की बरेच फोटो आपोआप गळतात. ‘यशाची १०० टक्के हमी’ ही ओळही त्याच नियमांत बसत नाही.

फी मात्र काढू नये. पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. तक्त्यातले इयत्तेनुसार, विषयानुसार आणि सवलतीनुसार पसरलेले डझनभर आकडे काढावेत. ‘दहावी, सेमी इंग्रजी, सर्व विषय, वर्षाची पूर्ण फी २८,००० रुपये, पुस्तकांसह, तीन हप्ते’ अशी एक ओळ पुरते. इतर इयत्तांसाठी वेगळं पत्रक काढावं.

चार नंबरांपैकी एकच ठेवावा: ज्यावर संध्याकाळी खरोखर कुणीतरी फोन उचलतं आणि ज्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालतं. संचालक आणि इमारतीचे फोटो जाऊ द्यावेत. त्या जागी पत्ता, जवळची खूण, बॅचची वेळ आणि कोणता विषय कोण शिकवतं हे यावं.

मग डीटीपीवाल्याकडून एक प्रिंट घेऊन क्लासशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याला पाच सेकंद दाखवावी. इयत्ता कोणती आणि क्लास कुठे, हे त्याला सांगता आलं नाही तर अजून काहीतरी काढायचं राहिलंय. सांगता आलं, तर त्याच प्रिंटवरचा नंबर त्याच्याच मोबाइलवरून लावून पाहावा आणि मगच हजारो प्रती छापायला द्याव्यात.