शिवलेली साडी बसताना का काचते?

कडेगावात लग्नसराईत साडी शिवायला टाकताना बहुतेकदा कमरेचंच माप दिलं जातं. खरी चूक तिथेच होते.

समजा, कंबर ३२ इंच आणि सीट ३८ इंच आहे. पट्टी ३४ इंचांची घ्या, म्हणजे दोन इंच एकावर एक येतील. पण पहिल्या वेढ्याचं कापड ४२ इंच हवं. जास्तीचं कापड मागच्या बाजूला बारीक चुण्या घालून पट्टीत बसवा.

वेढा पूर्ण होतो तिथे आतून हूक लावा. वरून निऱ्या येतात, म्हणून तो दिसत नाही. निऱ्यांना टीप वरच्या चार इंचांपर्यंतच मारा. खालपर्यंत मारली तर चालताना पाय अडकतो.

पक्की टीप मारण्याआधी कच्ची शिलाई घालून मांडी घालून बसून बघा. काचली, तर चुण्या वाढवा.