पत्रा नेमका कुठल्या दिशेला ताणला जातो?

पोलादी पत्र्यावर पेन्सिलीने एक छोटं वर्तुळ काढा आणि पत्र्यावर भार येऊ द्या. वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. डोळ्यांना ते दिसत नाही, कारण हा बदल दहा लाखांत काहीशे भागांचा असतो. पण त्या लंबवर्तुळाचा लांब अक्ष जिकडे जातो तिकडे पत्रा सर्वांत जास्त ताणला जातो, आणि आखूड अक्षाकडे सर्वांत कमी. या दोन दिशांमधल्या स्ट्रेनला, म्हणजे विकृतीला, प्रमुख विकृती म्हणतात. या दिशांना धरून आखलेला काटकोन काटकोनच राहतो. थोडं तिरकं आखलं की तो बिघडतो. हे बिघडणं म्हणजे शिअर.

मोजणाऱ्याची अडचण अशी, की या दिशा त्याला आधी ठाऊक नसतात. शिवाय स्ट्रेन गेज फक्त आपल्या लांबीतला बदल सांगतो, कोनाचं त्याला काही कळत नाही. म्हणून एकाच जागी तीन गेज चिकटवतात: आडवा, उभा आणि ४५ अंशांत तिरका.

समजा, आडव्याचं वाचन ५००, उभ्याचं १०० आणि तिरक्याचं ४५० आलं. हे सगळे दहा लाखांतले भाग. तिरक्याची दुप्पट ९००. त्यातून आडव्या-उभ्याची बेरीज ६०० वजा केली की उरतात ३००. ही झाली शिअर विकृती, म्हणजे काटकोन जितका मिटला तितकी.

आता ५०० आणि १०० यांची सरासरी ३००. त्यांच्यातल्या फरकाचं निम्मं २००, शिअरचं निम्मं १५०. या दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की २५०. सरासरीत ते मिळवलं तर ५५०, वजा केलं तर ५०. झाल्या प्रमुख विकृती. दिशाही याच आकड्यांतून निघते: १५० भागिले २०० ही दुप्पट कोनाची टॅन्जेंट, म्हणजे कोन सुमारे १८.४ अंश, आडव्यापासून तिरक्या गेजकडे.

गाडी घसरते ती शिअर निम्मी करायच्या ठिकाणी. काटकोनाच्या दोन्ही बाजू आत झुकतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला १५०च येतात. हे विसरून ३०० घातले, तर उत्तर ६६१ आणि उणे ६१ येतं. जिथे पत्रा दोन्हीकडे ताणलेला आहे तिथे तो एका दिशेला दबलेला दिसतो. बेरीज करून ताळा पाहावा, तर ती ६००च येते! हा ताळा फसवा. खरा ताळा गुणाकाराचा: ५०० गुणिले १००, वजा १५०चा वर्ग, म्हणजे २७,५००, आणि ५५० गुणिले ५०ही तेवढेच.

एवढ्यावर थांबणाऱ्यांना पत्र्याची जाडी आठवत नाही. पोलादाचं पॉयसन गुणोत्तर ०.३ धरलं, तर मोकळ्या पृष्ठभागाचा हा पत्रा जाडीत सुमारे २५७ने दबतो. त्यामुळे इथली सर्वांत मोठी शिअर विकृती पृष्ठभागाच्या हिशेबातली ५०० नसून ८०७ आहे, आणि ती त्या तिन्हींपैकी एकाही गेजला थेट दिसत नाही.